बोअरला फाउल होणारी स्प्रिंग

रिलीफ व्हॉल्व्हच्या बॉडीचं ड्रॉइंग संध्याकाळी रिलीज होणार होतं आणि सकाळी असेंब्लीत स्प्रिंग बोअरच्या भिंतीत घुसलेली दिसत होती. बोअर, म्हणजे स्प्रिंग बसते ते बॉडीतलं गोल छिद्र, १९ मिलिमीटरचा. आमच्या टीममधल्या नव्या इंजिनियरने सॉलिडवर्क्समध्ये भाग एकमेकांत घुसतात का ते दाखवणारं Interference Detection चालवलं, तर अख्खी स्प्रिंग लाल झाली. तिने दोन बदल लिहून आणले होते. एक, बोअर २१ करायचा. दोन, स्प्रिंगची तार जाड करायची, कारण तिच्या हिशोबाने बसवलेल्या लांबीला स्प्रिंग जेमतेम ४१ न्यूटन जोर देत होती आणि व्हॉल्व्हला ७५ ते ८० च्या दरम्यान हवा होता. बोअर वाढवला की बॉडीची भिंत पातळ होते, तार जाड केली की स्प्रिंगची सगळी मापं पुन्हा ठरवावी लागतात. मी तिला म्हटलं, "आधी स्प्रिंगचं मॉडेल उघड. बॉडीला हात नंतर लावू."

स्प्रिंगच्या ड्रॉइंगवर मोजकीच मापं होती. तार २ मिलिमीटर, बाहेरचा व्यास १८, एकूण वेटोळी ८, फ्री लेंग्थ ४०, दोन्ही टोकं बंद आणि ग्राइंड केलेली. लायब्ररीतलं मॉडेल कुणीतरी पूर्वी केलेलं होतं आणि फीचर ट्रीमध्ये दोनच गोष्टी होत्या: १८ व्यासाच्या वर्तुळावर काढलेलं हेलिक्स, उंची ४०, आठ फेरे, आणि त्यावरून फिरवलेलं २ मिलिमीटरचं वर्तुळ. ड्रॉइंगवरचा प्रत्येक आकडा मॉडेलमध्ये जसाच्या तसा होता, म्हणूनच ते इतके दिवस कुणाला खटकलं नसावं.

हेलिक्स ही तारेच्या मध्यातून जाणारी रेषा असते, बाहेरच्या कडेवरची नव्हे. तिच्यावरून वर्तुळ फिरलं की अर्धी तार आत जाते आणि अर्धी बाहेर. त्यामुळे १८ च्या हेलिक्सवर २ ची तार म्हणजे बाहेरून २० ची स्प्रिंग. १९ च्या बोअरमध्ये ती दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर रुतणारच. हेलिक्सचा व्यास हवा होता १८ वजा २, म्हणजे १६. बोअर पहिल्यापासून बरोबर होता.

उंचीचंही तसंच. ४० उंचीच्या हेलिक्सवर तार फिरवली की ती खाली एक आणि वर एक मिलिमीटर बाहेर डोकावते. मॉडेल मोजलं तर टोकापासून टोकापर्यंत ४२ भरलं. बसवलेल्या स्थितीसाठी कुणीतरी उंची २८ केलेली होती, म्हणून स्प्रिंग वरच्या आणि खालच्या सीटमध्येही घुसलेली दिसत होती.

खरी गोम मात्र पिचमध्ये, म्हणजे एका फेऱ्यात तार जितकी चढते त्या अंतरात होती. हेलिक्सला उंची ४० आणि फेरे ८ दिले की सॉफ्टवेअर भागाकार करून पिच ५ काढतं. बंद टोकांच्या स्प्रिंगमध्ये पहिलं आणि शेवटचं वेटोळं सपाट बसायला असतं. तिथे तार शेजारच्या वेटोळ्याला चिकटून जाते आणि ही दोन वेटोळी दाबाखाली काम करत नाहीत. काम करणारी उरतात सहा. त्यांच्यासाठी पिच असा निघतो:

```
p = (L0 - 2*d) / (Nt - 2)
p = (40 - 2*2) / (8 - 2) = 6
```

तिने विचारलं, "सर, पिच ५ काय आणि ६ काय, दोन्हीकडे लांबी तीच येते ना?" लांबी तीच येते, पण स्प्रिंग तीच राहत नाही. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, सरासरी व्यासाच्या घनाने घटतो आणि कामाच्या वेटोळ्यांच्या संख्येनेही घटतो. तिने व्यास १८ आणि कामाची वेटोळी ८ हे मॉडेलमधून उचलले होते, त्यामुळे दर मिलिमीटरला ३.४ न्यूटन आले. १६ आणि ६ घालून तोच हिशोब केला, पोलादाचा जी, म्हणजे शिअर मॉड्युलस, तिने घेतला होता तोच, ७९,३०० ठेवला, तर ६.४५ आले. स्प्रिंग ४० वरून २८ वर दाबायची, म्हणजे १२ मिलिमीटर. जोर ७७ न्यूटन. हवा होता तेवढाच. तार जाड करायची गरजच नव्हती.

इथे थांबून असेंब्लीत १६ चा व्यास आणि ६ चा पिच टाकला असता तर बोअरचा प्रश्न सुटला असता, पण टोकं मोकळीच राहिली असती. मला टोकंही हवी होती, कारण सीटवर स्प्रिंग कशी बसते ते त्या ड्रॉइंगमध्ये तपासायचंच होतं. म्हणून आम्ही मॉडेल नव्याने करायला घेतलं, आणि दिवसाचा बराचसा वेळ त्या टोकांनीच घेतला.

तिने पहिल्यांदा सरळ मार्ग धरला. खाली २ पिचचं एक वेटोळं, मध्ये ६ पिचची सहा, वर पुन्हा २ पिचचं एक, अशी तीन हेलिक्स एकाला एक जोडली. त्यांच्यावरून वर्तुळ फिरवायचं स्वीप होईना. कारणं दोन होती आणि ती वेगळी करून पाहणं मला गरजेचं वाटलं. पहिलं कारण सांध्याचं. १६ व्यासावर २ पिचचं हेलिक्स साधारण २.३ अंशांनी चढतं, तर ६ पिचचं ६.८ अंशांनी. जोडावर मार्ग अचानक साडेचार अंशांनी वळतो. डोळ्याला रेषा सलग वाटते, पण झूम केलं की तिथे कोपरा दिसतो, आणि कोपऱ्यावरून वर्तुळ गुळगुळीत नेता येत नाही.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. तारेचा व्यास २ आणि पिचही २, म्हणजे वेटोळी एकमेकांना नुसती टेकायला हवीत असं वाटतं. पण पिच अक्षाच्या दिशेने मोजतात आणि तार तिरकी चालते. दोन तारांमधलं खरं अंतर पिच गुणिले कोसाइन, म्हणजे २ पेक्षा किंचित कमी. इथे ते सुमारे दीड मायक्रॉनने कमी भरतं. कारखान्यात दीड मायक्रॉनला कुणी विचारत नाही. सॉलिड मॉडेलिंगच्या कर्नलला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आकारांचा हिशोब करणाऱ्या गाभ्याला, मात्र तेवढं पुरतं, कारण त्याच्या लेखी पृष्ठभाग स्वतःलाच कापून गेलेला असतो. असा सॉलिड कधी बनतच नाही, कधी बनतो आणि नंतर कट मारताना कोसळतो.

उपाय एकाच बदलत्या पिचच्या हेलिक्समध्ये आहे. सॉलिडवर्क्समध्ये हेलिक्सला Variable Pitch निवडलं की एक तक्ता भरायला मिळतो आणि दोन ओळींमध्ये पिच समान गतीने बदलत जातो. आम्ही १६ व्यासाच्या वर्तुळावर असा तक्ता भरला:

```
Rev     P
0       2
0.75    2
1.25    6
6.75    6
7.25    2
8       2
```

संक्रमण बरोबर पहिल्या फेऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पाव-पाव फेऱ्यात वाटलेलं आहे. त्या अर्ध्या फेऱ्यात पिच सरासरी ४ राहतो, त्यामुळे एकूण उंचीत काहीच फरक पडत नाही. तक्त्यात सॉफ्टवेअर उंची दाखवतं त्या H रकान्यात शेवटच्या ओळीला नेमके ४० आले. तिथे दुसरा आकडा दिसला असता तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. शिवाय पिच पाऊण फेऱ्यापासूनच वाढायला लागल्यामुळे तारेचं टोक आणि त्याच्या वरचं वेटोळं यांच्या मध्यरेषांत २.२५ अंतर पडतं. म्हणजे पाव मिलिमीटरची फट, आणि सॉलिड स्वतःला कापत नाही. खऱ्या स्प्रिंगमध्ये टोक टेकलेलं असतं, मॉडेलमध्ये ही फट मुद्दाम ठेवलेली आहे. क्लिअरन्स पाहायला ती चालते. वेटोळ्यांचा परस्पर स्पर्श धरून अ‍ॅनालिसिस करायचं असेल तर हे मॉडेल देऊ नये, असं मी फाइलच्या वर्णनात लिहून ठेवलं.

वर्तुळाबद्दलही तिला एक सांगितलं. बरेच जण तारेचं वर्तुळ अक्षातून जाणाऱ्या उभ्या प्लेनवर काढतात, कारण ते प्लेन आयतं मिळतं. पण मार्ग त्या प्लेनला काटकोनात नसतो. तार आडवी कापून पाहिली तर गोल न दिसता जराशी चेपलेली दिसते, इथे एका दिशेला २ ऐवजी १.९८६. या स्प्रिंगमध्ये फरक नगण्य, पण व्यास लहान आणि पिच मोठा असला तर चढ वाढतो आणि तार उघड चपटी होते. आम्ही स्वीपमध्ये Circular Profile निवडून फक्त व्यास लिहिला. वर्तुळ आपोआप मार्गाला काटकोनात राहतं, स्केच लागतच नाही.

मग ग्राइंडिंग. मार्गाच्या दोन्ही टोकांतून जाणारी आडवी प्लेन घेतली, उंची शून्य आणि ४०, आणि त्यांच्या बाहेरचं सगळं कापलं. टोकाशी तार अर्धी उरते, आणि अर्ध्या फेऱ्यात ती हळूहळू पूर्ण गोल होते. एकूण लांबी बरोबर ४०. सूत्रातले `2*d` कुठून येतात, ते तिला तिथे डोळ्यांनी दिसलं.

खात्रीसाठी मी इन्स्पेक्शनमधून सॅम्पल स्प्रिंग मागवली. तिथले काका हसतच म्हणाले, "स्प्रिंगचं वजन कशाला करता? व्हर्नियर लावा की." व्हर्नियर आम्ही लावलाच, पण वजन एका आकड्यात तारेचा व्यास, वेटोळी आणि सरासरी व्यास तिन्ही तपासतं. जुन्या मॉडेलला पोलादाची घनता दिली तर ११.२ ग्रॅम येत होते. नव्याचे Mass Properties मध्ये ९.७ आले. काट्यावर सॅम्पलही ९.७ च्या आसपासच भरलं. वर्तुळ चुकीच्या प्लेनवर आहे की नाही हे मात्र वजनावरून कळत नाही. त्याने पडणारा फरक अर्धा टक्का, तर तारेच्या व्यासातला दोन शतांशाचा फरक वजनात दोन टक्के हलवतो.

बसवलेल्या स्थितीसाठी कॉन्फिगरेशन करायचं तर उंची बदलून चालत नाही, कारण टोकाची वेटोळी दबत नाहीत. तक्त्यातले फक्त ६ काढून ४ लिहिले, H मध्ये २८ आले. सहा वेटोळ्यांत प्रत्येकी २ मिलिमीटर गेले, टोकं जशीच्या तशी. तार दबताना थोडी बाहेरही पसरते, पण इतक्या दाबाला सरासरी व्यास सहा शतांश मिलिमीटरने वाढतो आणि बोअरमध्ये दर बाजूला अर्धा मिलिमीटर जागा आहे, म्हणून ते कॉन्फिगरेशनमध्ये घेतलं नाही.

Interference Detection पुन्हा चालवलं. यादी रिकामी. तिने बोअरची बदल-नोंद स्वतःच रद्द केली, आणि मग लायब्ररीतल्या बाकीच्या स्प्रिंग उघडून पहिला प्रश्न हाच विचारायला लागली, की हेलिक्सचा व्यास बाहेरचा आहे की मधला. त्यातल्या आणखी काहींत तो बाहेरचाच निघाला.