एबीएसचं कोडिंग : गाडीचा खरा वेग शोधताना माझा अनुभव

एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिच्यावरचं कुठलंही प्रकरण उघडा, पहिल्याच पानावर स्लिपचं सूत्र असतं: λ = (v − ωR)/v. गाडीच्या वेगातून चाकाच्या परिघाचा वेग वजा करा, गाडीच्या वेगाने भागा, झालं. पुढे आलेख येतो. कोरड्या डांबरावर साधारण 10 ते 20 टक्के स्लिपला टायरची पकड सर्वांत जास्त मिळते, त्यापुढे ती घटत जाते आणि चाक लॉक होण्याकडे झुकतं. स्लिप त्या शिखराजवळ धरून ठेवा, एवढंच काम. पण सूत्रातला v आणायचा कुठून, हे तिथे लिहिलेलं नसतं. गाडीत सेन्सर आहेत ते चाकांवर. गाडीचा वेग मोजणारं काहीच नाही! माझं सगळं काम याच एका अक्षरापाशी अडून बसलं होतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

व्हॉल्व्हचा भाग त्या मानाने सरळ गेला. प्रत्येक चाकाला दोन व्हॉल्व्ह असतात. इनलेट एरवी उघडा, आउटलेट एरवी बंद. दोघं जसेच्या तसे राहिले तर चाकाच्या ब्रेकमधलं प्रेशर वाढतं, इनलेट बंद केला तर ते धरून राहतं, आणि इनलेट बंद ठेवून आउटलेट उघडला तर उतरतं. अर्धवट उघडण्याची सोय नाही, म्हणून प्रेशर किती बदलायचं ते व्हॉल्व्ह किती मिलिसेकंद उघडा ठेवला यावर ठरतं.

आता अडलेली जागा. गाडीचा वेग मिळत नाही म्हणून सगळेच तो अंदाजाने काढतात आणि त्याला रेफरन्स स्पीड म्हणतात. नेहमीची रीत अशी: चार चाकांपैकी सर्वांत वेगवान चाक घ्या, कारण ते गाडीच्या वेगाच्या सर्वांत जवळ असणार. त्यावर एक मर्यादा घाला, की रेफरन्स सेकंदाला 10 मी./से. पेक्षा जास्त वेगाने उतरणार नाही. कोरड्या रस्त्यावरही साधी गाडी साधारण त्याहून जोरात थांबत नाही. कोरड्या रस्त्यावर हे छान चाललं. एखादं चाक अचानक लॉक व्हायला लागलं, तर बाकीची चाकं आणि ही मर्यादा मिळून रेफरन्स सांभाळून घेत होती.

बर्फासारख्या निसरड्या पृष्ठभागावर मात्र सगळं कोसळलं. हिशोब मांडून दाखवते. गाडी 20 मी./से. वर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. घर्षण गुणांक 0.2, म्हणून गाडी सेकंदाला जेमतेम 2 मी./से. ने मंदावू शकते. चाकावर भार 4000 न्यूटन आणि त्रिज्या 0.3 मीटर धरली, तर रस्ता चाकाला जास्तीत जास्त 240 न्यूटन-मीटर टॉर्क देऊ शकतो. चालकाने हळुवार ब्रेक दाबला आणि चारही चाकांवर 273 न्यूटन-मीटर आला. 33 न्यूटन-मीटर जास्तीचे झाले. चाकाचं जडत्व 1 किलोग्रॅम-वर्गमीटर असेल, तर ते सेकंदाला 33 रेडियन प्रति सेकंदाने मंदावतं, म्हणजे परिघावर जवळजवळ 10 मी./से.

अर्ध्या सेकंदानंतर गाडी 19 मी./से. वर आणि चाकं 15 वर. खरी स्लिप 21 टक्के. पण चारही चाकं एकत्र उतरत असल्याने सर्वांत वेगवान चाकही 15 वरच, आणि मर्यादा 10 ची असल्याने रेफरन्सही 15 वर. माझा कंट्रोलर म्हणतो, स्लिप शून्य. एका सेकंदानंतर गाडी 18 वर, चाकं 10 वर, स्लिप 44 टक्के, तरी कंट्रोलर शांत. इथे कोडमध्ये चूक शोधणं व्यर्थ आहे. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबणारी गाडी आणि बर्फावर हळूहळू लॉक होत जाणारी चाकं, दोन्हींचे चाकांच्या वेगाचे आलेख जवळपास सारखेच दिसतात. फरक सेन्सरच्या आकड्यांत नाहीच, तर तो फिल्टर लावून कसा निघणार? फिल्टर बदलून बघा असा सल्ला मला वारंवार मिळाला; तो ऐकू नका.

लॉगमध्ये ही अवस्था ओळखायची खूण आहे. रेफरन्सची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ, उतार नेमका मर्यादेएवढा, आणि काढलेली स्लिप शून्याजवळ. चाचणीच्या गाडीवर वेगळा वेगमापक असेल तर त्याची रेघ वर सुटत जाताना स्पष्ट दिसते.

सुटका अशी झाली. माहिती सेन्सरमध्ये नसेल तर ती व्हॉल्व्हकडून मिळवायची. रेफरन्स बराच वेळ मर्यादेला चिकटून उतरत असेल, तर एका मागच्या चाकाचं प्रेशर मुद्दाम उतरवायचं आणि ते काय करतं ते बघायचं. कोरड्या रस्त्यावर स्लिप 5 टक्के असेल, तर 15 वरचं चाक पाऊण मी./से. सुद्धा वर जात नाही. बर्फावर तेच चाक 15 वरून 19 कडे झेपावतं. ब्रेक पूर्ण सुटला तर 240 न्यूटन-मीटर त्याला सेकंदाला 72 मी./से. ने वेग देतात, म्हणजे दशांश सेकंदाच्या आत निकाल हातात. तो पहिल्यांदा लॉगमध्ये उमटला तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही.

चाकाचं वर चढणं थांबून ते पुन्हा गाडीबरोबर सावकाश उतरायला लागतं, त्या क्षणी त्याचा वेग म्हणजे जवळजवळ गाडीचाच वेग. असे दोन बिंदू जोडा. एक 19 चा आणि अर्ध्या सेकंदाने 18 चा मिळाला, तर गाडीचा खरा उतार 2 निघाला. आता रेफरन्सची मर्यादा 10 वरून 2 पेक्षा किंचित जास्त इतकी खाली आणायची. मात्र चाक चढत असतानाच प्रेशर पुन्हा वाढवलं असेल तर तो बिंदू टाकून द्या. तो खऱ्या वेगापेक्षा खाली असतो आणि रेफरन्सला परत खड्ड्यात नेतो.

मागचंच चाक का, हे सांगायचं राहिलं. ब्रेक लागल्यावर भार पुढे सरकतो, म्हणून मागचं एक चाक सोडल्याने थांबण्याचं अंतर सर्वांत कमी वाढतं, शिवाय मागचा भाग घसरण्याचा धोकाही घटतो. पण ते चाक इंजिनला जोडलेलं नसावं. गिअर पडलेला असताना चाकाला इंजिनचंही जडत्व फिरवावं लागतं, मग ते आळसावल्यासारखं चढतं आणि चाचणी फसते.

व्हॉल्व्हचीही एक गोष्ट इथेच नडते. बर्फावर चाकातलं प्रेशर मुळात कमी असतं, त्यामुळे आउटलेट उघडला तरी द्रव सावकाश बाहेर पडतो. आउटलेट उघडण्याची कोरड्या रस्त्यावर पुरेशी पडणारी पल्स इथे जवळजवळ काहीच करत नाही. निसरड्यावर ती लांब ठेवा.

आणि सेन्सरचे दात मोजत बसू नका, दोन दातांमधला वेळ मोजा. 48 दातांच्या रिंगवर, 0.3 मीटर त्रिज्येला, 10 मी./से. वेगाने सुमारे 3.9 मिलिसेकंदांनी एक दात येतो. कंट्रोलर 5 मिलिसेकंदांनी चालत असेल तर कधी एक दात सापडतो, कधी दोन, आणि वेग दुप्पट झाल्यासारखा दिसतो.

चारही चाकं एकमेकांना जोडलेल्या गाडीत मात्र एक चाक असं वेगळं सोडता येत नाही. तिथे लांबीच्या दिशेचा अॅक्सेलरोमीटर लावावा लागतो. तो उतारही मोजतो: 10 टक्के उतारावर त्याची चूक सुमारे 1 मी./से.² होते, म्हणजे बर्फावरच्या आपल्या 2 च्या निम्मी. म्हणून त्याचा आकडा थेट v काढायला वापरत नाही. मर्यादा 10 ठेवायची की 3, एवढंच त्याला विचारते.