तुम्ही विचारलंत म्हणून: क्रियापद जातं कुठे?

«बाई, जर्मनमध्ये ‘मुख्य वाक्यात क्रियापद दुसरं’ एवढं सांगितलं की मुलांचं भागतं. ते ‘दास’च्या, म्हणजे ‘की’च्या, जागेवर जाऊन बसतं की नाही, यावरून तुम्ही एवढ्या का भांडता?»

भागतं. पहिल्या दोन परीक्षांपुरतं नक्की भागतं. पण पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, मराठी मुलं अडतात ती उपवाक्यात नाही, साध्या मुख्य वाक्यात. ‘दास इश देन ब्रीफ गेलेझन हाबे’ म्हणजे ‘की मी ते पत्र वाचलेलं आहे’. शब्दावर शब्द बसतो. दास म्हणजे की, इश म्हणजे मी, आणि शेवटचं हाबे आपल्या ‘आहे’च्या जागी. मुलं खूश होतात. मग ‘दास’ काढून तेच वाक्य सुटं म्हणायला सांगितलं की ‘इश हाबे देन ब्रीफ गेलेझन’ म्हणावं लागतं. हाबे उडी मारून पुढे आलं, गेलेझन शेवटीच राहिलं. का, असं एक तरी पोर विचारतंच. ‘दुसरं असतं म्हणून’ हे त्याचं उत्तर नाही. ते नुसतं मोजणं झालं. ‘दास’ आल्यावर ही उडी का थांबते, हे त्यातून कळत नाही.

उत्तराची सुरुवात हान्स डेन बेस्टनपासून होते. हा डच भाषाशास्त्रज्ञ. त्याचा लेख 1977पासून हस्तलिखित म्हणून फिरत होता, छापला गेला 1983 साली. त्यातली मूळ गोष्ट वर्गात दोन ओळींत दाखवता येते. ‘तो आजारी असल्यासारखं करतो’ हे जर्मनमध्ये दोन प्रकारे म्हणतात. ‘एर टूट, आल्स ओप एर क्रांक वेरे’ आणि ‘एर टूट, आल्स वेरे एर क्रांक’. पहिल्यात ओप हा दाससारखाच उपवाक्य जोडणारा शब्द आहे आणि वेरे हे क्रियापद शेवटी. दुसऱ्यात ओप नाही आणि नेमकं ओपच्याच जागी वेरे येऊन बसलंय. दोघं एकत्र कधीच येत नाहीत. म्हणजे जागा एकच आहे. उपवाक्यात ती दास किंवा ओप अडवतं, म्हणून क्रियापद मागे राहतं. मुख्य वाक्यात ती मोकळी असते, म्हणून क्रियापद तिथे जातं, आणि त्याच्या आधी काहीतरी एक, कर्ता, कर्म, ‘काल’, काहीही, येऊन बसतं. ‘दुसरं’ हा आकडा त्यातून आपोआप निघतो. या जागेला कॉम्प्लिमेंटायझरची जागा म्हणतात. मी वर्गात ‘की-ची जागा’ म्हणते.

क्रियापद खरंच शेवटून निघतं का, अशी शंका असेल तर ‘उरआउफफ्यूरेन’ घ्या. नाटकाचा पहिलावहिला प्रयोग करणे. दासच्या वाक्यात, शेवटी, हे क्रियापद आनंदाने राहतं. पण साध्या मुख्य वाक्यात एकटं वापरायला सांगा, जर्मन माणूस अडखळतो. अख्खं पुढे आणावं तर कानाला खटकतं, तोडून अर्धं पुढे आणावं तर त्याहून वाईट. मग ते लोक वाक्यच वेगळ्या तऱ्हेने रचतात. शेवटी नीट राहणारं आणि हलवायला गेलं की बिघडणारं क्रियापद सापडतं, म्हणजे हलवणं नावाची काहीतरी क्रिया आहे.

इथपर्यंत फारसं कुणी भांडत नाही. भांडण आहे ते कर्ता पहिला असलेल्या वाक्यावर. ‘काल मी पत्र वाचलं’ किंवा ‘पत्र मी वाचलं’ या धर्तीच्या जर्मन वाक्यांत क्रियापद की-च्या जागेपर्यंत जातं हे बहुतेक मानतात. पण ‘इश हाबे देन ब्रीफ गेलेझन’मध्ये कर्ता आपल्या नेहमीच्या जागीच आहे, क्रियापद फक्त त्याच्या लगेच नंतर आलंय, की-च्या जागेच्या एक मजला खालीच थांबलंय, असं म्हणायला काय हरकत आहे? लिसा ट्रॅव्हिसने 1984च्या प्रबंधात हेच म्हटलं. पुढे डचसाठी यान-वाउटर झ्वार्टने तीच बाजू जोरात लावून धरली. उलट बाजूला बॉनी श्वार्ट्झ आणि स्टेन विकनर. त्यांच्या 1989च्या लेखाच्या नावातच निकाल होता, की क्रियापद दुसरं असलेली सगळी वाक्यं की-च्या जागेपर्यंत जातात.

माझा प्रबंध या दुसऱ्या बाजूचा होता, आणि आता मी ते सांगते ज्याच्यामुळे तुम्हाला मी ‘भांडते’ असं वाटतं.

पुण्यातच एका विभागात माझं सेमिनार होतं. मी श्वार्ट्झ-विकनरांचा ‘काल’चा युक्तिवाद मांडत होते. ‘दास गेस्टर्न देर मान देन ब्रीफ गेलेझन हाट’, म्हणजे ‘की काल त्या माणसाने ते पत्र वाचलं’. इथे ‘काल’ कर्त्याच्या आधी सुखाने बसतो. आता कर्ता पहिला असलेलं मुख्य वाक्य खालच्या मजल्यावरच संपत असेल, तर तिथेही कर्त्याआधी ‘काल’ चिकटवता यायला हवा. पण ‘गेस्टर्न देर मान हाट देन ब्रीफ गेलेझन’ हे जर्मन नाहीच. पुण्यातली पहिल्या वर्षाची मुलं नेमकं हेच वाक्य लिहितात, आणि आपण नेमकं यावरच लाल रेघ मारतो. मी हे सांगत असताना समोरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले, फळ्यापाशी आले आणि डचमधले दोन तुकडे लिहून ठेवले. ‘येइ लोप्त’. ‘लोप येइ’.

येइ म्हणजे तू, लोपन म्हणजे चालणं. कर्ता पहिला असेल तर क्रियापदाला त लागतो. क्रियापद कर्त्याच्या आधी गेलं की त गळतो. आणि उपवाक्यात, ‘दात येइ लोप्त’मध्ये, त पुन्हा आहेच. म्हणजे कर्ता पहिला असलेल्या मुख्य वाक्यातलं क्रियापद दिसायला उपवाक्यातल्यासारखं, उलट्या क्रमातल्यासारखं नाही. दोन्ही मुख्य वाक्यांत ते एकाच जागी बसलं असेल तर रूपं दोन कशी? झ्वार्टच्या बाजूचं हे बळकट शस्त्र, आणि ते मला माहीत होतं. उत्तर माझ्या टिपणात पुढच्याच पानावर होतं.

ते द्यायची वेळ आली नाही. खडू ठेवून ते म्हणाले, “पुण्यात बसून डच क्रियापदाचा ‘त’ मोजणार तुम्ही? मराठीवर लिहा, उपयोग तरी होईल.” काहीजण हसले. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. माझे गाइड बाहेर जिन्यात मला म्हणाले, “मॅडम, मनावर घेऊ नका.” ते प्रकरण नंतर प्रबंधातून निघालं. ‘विषयाशी संबंध कमी’ असा शेरा होता.

मी मनावर घेतलं. अजून घेते. कारण त्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते असं. डचमध्ये क्रियापद आधी आणि तू नंतर असूनही, दोघांच्या मध्ये ‘ओक’, म्हणजे ‘सुद्धा’, आला की त परत येतो. ‘लोप येइ’, पण ‘लोप्त ओक येइ’. जागा तीच, रूप बदललं. म्हणजे तो ‘त’ क्रियापद कुठल्या मजल्यावर आहे हे सांगतच नाही. सर्वनाम त्याला लगटून आहे की नाही, एवढंच सांगतो. फळ्यावर आणखी एक तुकडा लिहायला हवा होता, बस.

ज्यांना हे सगळं शब्दांचे खेळ वाटतात त्यांना मी एवढंच म्हणेन की हा दावा खोटा ठरू शकतो, आणि कशाने ठरेल ते आधी सांगता येतं. ‘उपयोग’ विचारणाऱ्यांनी आपल्या दाव्याबद्दल एवढं सांगून दाखवावं.

पण तेव्हाची मी याहून पुढे जायची. सगळी मुख्य वाक्यं एकाच साच्याची, वाद संपला, असं सांगत सुटायची. तिच्याशी आता माझं पटत नाही. तिच्यापुढे मी ट्रॅव्हिसचाच ‘एस’ ठेवीन. एस म्हणजे ते, लेकरू वगैरे. ‘एस हाट देन मान गेझेएन’, त्याने त्या माणसाला पाहिलं. उत्तम जर्मन. आता एकच अक्षर बदला. ‘एस हाट देर मान गेझेएन’, त्याला त्या माणसाने पाहिलं. हे चालत नाही. कर्ता असलेला बिनजोराचा एस पहिला येतो, कर्म असलेला येत नाही. दोघं एकाच जागी बसत असतील तर हा पंक्तिभेद कसला? कर्ता आपल्या घरातच आहे आणि कर्म मात्र वरच्या मानाच्या जागी गेलंय, तिथे जोर लागतो, असं म्हटलं की चटकन सुटतं. कर्म असलेला एसही काही संदर्भांत पहिला चालतो असं नंतर काहींनी दाखवलं, त्यामुळे ट्रॅव्हिसची भिंत थोडी खचली. पण दोन एसमधला फरक पुसला गेला नाही. उलट ट्रॅव्हिसची बाजू धरावी तर खालचा मजला वाक्याच्या मध्यावर मानावा लागतो, आणि मग दास असताना क्रियापद तिथपर्यंत तरी का येत नाही, शेवटीच का थांबतं, याला वेगळी सबब शोधावी लागते. ती सबब मला कधीच पटली नाही.

आणि हे सगळं परदेशी भाषांचंच आहे असं म्हणाल तर माझ्या वर्गात एक काश्मिरी मुलगा होता. मराठी मुलं जिथे अडायची तिथे तो अडायचा नाही, ‘देन ब्रीफ हाबे इश’ पहिल्या दिवसापासून बरोबर. दासच्या वाक्यात मात्र हाबे पुढे आणायचा. काश्मिरी ही आपल्याच देशातली क्रियापद-दुसरं भाषा आहे. राकेश भट्ट यांचं 1999चं पुस्तक त्यावरच आहे. पण तिथे ‘की’ असतानाही उपवाक्यात क्रियापद दुसरंच राहतं. म्हणजे डेन बेस्टनची ‘एकतर हा नाहीतर तो’ ही अट तिथे मोडते. स्वीडिश-डॅनिशमध्येही ‘म्हणाला’सारख्या क्रियापदांनंतर असं होऊ शकतं. मग एकतर अशा उपवाक्यांत की-च्या जागा दोन मानायच्या, किंवा क्रियापद की-च्या खालीच थांबतं असं कबूल करायचं. काश्मिरीत ‘जो-तो’च्या संबंधी उपवाक्यात क्रियापद पुन्हा शेवटी जातं, म्हणून मी दोन जागांकडे झुकते. की-नंतर दुसरी जागा मिळते, ‘जो’नंतर मिळत नाही. पण ती का मिळत नाही, हे मला अजून कुठल्याही वर्गात फळ्यावर नीट लिहून दाखवता आलेलं नाही, आणि तुम्हीही पुढच्या वेळी विचाराल तर मी याच ठिकाणी अडलेली असेन.