सत्तेचाळीस नंबरचं सबटायटल

पुरावरची एक इंग्रजी डॉक्युमेंटरी गेल्या पावसाळ्याआधी माझ्याकडे आली. बाहेरच्या देशातली नदी, तिथलं धरण, तिथली बुडालेली गावं. काम घेतलं तेव्हा मला भाषांतराची भीती नव्हती. कोल्हापुरात राहणाऱ्याला पुराचे शब्द शोधावे लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. 'दरवाजे उघडले' एवढंच म्हटलं तरी राधानगरीचे ते सात स्वयंचलित दरवाजे डोळ्यांपुढे येतात. सबटायटलमध्ये 'धरणाचे' हा शब्द लिहायचीही गरज नाही. तेवढी जागा वाचली.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सत्तेचाळीस नंबरच्या सबटायटलवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

प्रसंग असा. धरणावर काम केलेला एक म्हातारा इंजिनिअर कॅमेऱ्यासमोर भरभर बोलतो. आधी तो कबुली देतो, की आम्ही दरवाजे फार उशिरा उघडले. मग कारण सांगतो, की पावसाच्या आकड्यांवर कुणाचाच विश्वास बसला नव्हता. बोलायला त्याला 3.4 सेकंद लागतात. मी पहिल्या झटक्यात लिहिलं ते हे: 'पावसाच्या आकड्यांवर कोणीच विश्वास न ठेवल्यामुळे आम्ही दरवाजे उघडण्यास खूपच उशीर केला.' वाक्य चुकीचं नाही, पण पडद्यावर ते कुणी वाचून संपवणार नाही. सॉफ्टवेअरनं लगेच ती ओळ लाल केली: 85 अक्षरं, म्हणजे सेकंदाला 25. इंग्रजीसाठी साधारण 17 ते 20 ही मर्यादा धरतात.

इथं मला पहिली शंका आली. सॉफ्टवेअर मोजतं काय? ते अक्षर मोजत नाही, टाईप केलेलं प्रत्येक चिन्ह मोजतं. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारा हलन्त, सगळं सुटं. 'कमळ' त्याच्या हिशेबानं तीन आणि आपल्याही हिशेबानं तीन. पण 'स्त्री' म्हणजे आपल्याला एक अक्षर आणि त्याला सहा. म्हणून जोडाक्षरांनी भरलेली ओळ उगाच लाल होते आणि साध्या अक्षरांची तेवढीच लांब ओळ हिरवी राहते. मी ते वाक्य बोटांवर मोजलं. आपली अक्षरं भरली 40, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 12.

आता हे 12 जास्त की कमी? याचं उत्तर सॉफ्टवेअरकडं नव्हतं, म्हणून आत्याला पुढ्यात बसवलं. ती रोज पेपर वाचते, चष्मा लावते, इंग्रजी कळत नाही; म्हणजे ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यातलीच. तिला सांगितलं, ओळ वाचून झाली की 'हं' म्हण. वेगवेगळ्या लांबीची वीसेक सबटायटलं दाखवली. सेकंदाला आठ अक्षरं असली की तिचा 'हं' आरामात यायचा आणि चित्राकडं बघायलाही वेळ उरायचा. दहाला ती वाचायची खरी, पण नजर खालच्या पट्टीवरून हलायची नाही. बारालाच म्हणाली, "अरे, पळतंय काय ते!" हा काही नियम नव्हे, एका बाईची एक संध्याकाळ आहे. जोडाक्षर वाचायला साध्या अक्षरापेक्षा जरा जास्त वेळ लागतो हेही खरं. पण मला धरायला एक आकडा मिळाला: आठ.

मग वाक्य तोडायला घेतलं. लांबीपेक्षाही मोठी खोट त्याच्या क्रमात होती. इंजिनिअर आधी कबुली देतो आणि कारण सांगायला लागतो तेव्हा पडद्यावर पावसाच्या नोंदींचं रजिस्टर दिसतं. माझ्या मराठीत कारण आधी आणि कबुली शेवटी. म्हणजे रजिस्टर दिसतं तेव्हा प्रेक्षक दरवाज्यांबद्दल वाचतोय. 'न ठेवल्यामुळे' असली शेपटी लावली की मराठी वाक्य हमखास असं उलटतं. 'कारण' घालून दोन छोटी वाक्यं केली की क्रम सरळ राहतो. दोन वेगळी सबटायटलं करूनही पाहिली, पण पहिलं दीड सेकंदाच्या आत निघून जायचं, नुसती लुकलुक. म्हणून एकच सबटायटल, दोन ओळी:

'दरवाजे उघडायला उशीर झाला, / कारण पावसाचे आकडे कुणाला पटलेच नाहीत.'

आपली अक्षरं 34, चिन्हं 62. मी खूश. तेवढ्यात शेजारचे मामा आले. ते मूळचे प्रयाग चिखलीचे, 2019 ला घरात पाणी घेतलेले. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि म्हणाले, "उशीर झाला म्हंजे? केला कुणी, ते लिवा की."

मी गप्प. तो म्हातारा चक्क 'आम्ही' म्हणतोय आणि मी जागा वाचवायला त्याची कबुलीच पुसून टाकली होती. सरकारी प्रेसनोटमध्ये 'उशीर झाला' असतं तसं. 'आम्ही' परत घातला तर लांबी वाढेल या भीतीनं बराच वेळ खाडाखोड केली, आणि निघालं काय, तर 'आम्ही दरवाजे उशिरा उघडले,'. चिन्हं तेवढीच 25, आणि आपल्या मोजणीनं उलट एक अक्षर कमी. एकूण 33.

राहिला वेळ. 33 अक्षरं 3.4 सेकंदांत म्हणजे अजून दहाच्या आसपास. पण माणूस बोलायचा थांबला म्हणून सबटायटल लगेच पुसायचं नसतं. पुढचं बोलणं सुरू व्हायला अजून 0.8 सेकंद होती. तेवढी सगळी घ्यावी म्हटलं, तर मध्ये शॉट बदलत होता. कट ओलांडून सबटायटल दोन-चार फ्रेम लोंबलं की डोळ्याला नवीन ओळ आल्यासारखं वाटतं आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. हा कट नुसता बघून कळत नाही, एकेक फ्रेम पुढं ढकलत शोधावा लागतो. तो 11:12,280 ला होता. आमची फिल्म सेकंदाला 25 फ्रेमची, म्हणजे दोन फ्रेम 0.08 सेकंद. तेवढं अंतर सोडून शेवट लावला:

```
47
00:11:08,200 --> 00:11:12,200
आम्ही दरवाजे उशिरा उघडले,
कारण पावसाचे आकडे कुणाला पटलेच नाहीत.
```

चार सेकंद, सेकंदाला सव्वाआठ अक्षरं. आत्याचा 'हं' कटच्या आधी आला.

एवढं करून सगळी फाईल एकदा 'ओळी आपोआप तोडा'मधून काढायची बुद्धी मला झाली. सॉफ्टवेअरला दोन्ही ओळी सारख्या लांब हव्या असतात. त्यानं 'कारण' उचलून वरच्या ओळीच्या टोकाला टांगलं: वर 30, खाली 32, दिसायला सुबक. पण वाचणारा 'उशिरा उघडले, कारण' इथं अडखळतो आणि खालच्या ओळीला डोकंच राहत नाही. माझी 25 आणि 37 ची वेडीवाकडी तोड अर्थाच्या सांध्यावर होती. पुढं एके ठिकाणी तर 'पाणी घरात येईल असं वाटलं' वर आणि 'नव्हतं' एकटं खाली. मराठीत नकार शेवटी येतो, तो असा वेगळा पडला की क्षणभर उलटाच अर्थ पोचतो. सगळी फाईल पुन्हा हातानं तोडली. दोन रात्री गेल्या.

एकशे बाराव्याचं मात्र काही जमलं नाही. त्यात निवेदक पाच गावांची नावं अडीच सेकंदांत घेतो आणि लगेच कट आहे. शेवटी दोन नावं ठेवली आणि पुढं 'आणि आणखी तीन गावं' लिहिलं. मामांना ते अजून पटलेलं नाही.