फोनमध्ये नंबर बदलला तरी कॉम्प्युटरवर जुनाच का? कॉन्टॅक्ट सिंकचा माझा अनुभव

मिरजेत आमचं छोटंसं डीटीपी आणि छपाईचं काम आहे. ऑगस्ट म्हणजे पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांचा सीझन, सप्टेंबरअखेर सगळ्यांना सभा उरकायची असते त्यामुळे प्रूफ काल पाठवलं असेल तर फोन आजच येतो. अशात एका पतसंस्थेचे साहेब तीन दिवस गप्प, मला वाटलं वाचत असतील, आणि चौथ्या दिवशी त्यांचाच फोन, "मॅडम, प्रूफ कधी देताय?" म्हटलं साहेब, सोमवारीच मेल केलाय की. सेंटमध्ये जाऊन बघितलं तर मेल गेलाय त्यांच्या जुन्या क्लार्कच्या पत्त्यावर, आणि ते गृहस्थ मार्चमध्येच रिटायर झालेले.

आता गंमत अशी की नवीन ईमेल मी स्वतः टाकलेला होता, एप्रिलमध्ये साहेबांनी सांगितला तेव्हाच, फोन कानाला धरून लगेच कॉन्टॅक्टमध्ये बदलला होता. फोन उघडून बघितलं तर तिथे नवीनच पत्ता दिसतोय. कॉम्प्युटरवर मी मेलसाठी Thunderbird नावाचा प्रोग्राम वापरते, त्यात "पतसं" एवढं टाइप केलं की जुना. आणि ब्राउझरमध्ये contacts.google.com उघडलं तर तिथेही जुनाच! एकच माणूस, एकच जीमेल अकाउंट आणि पत्ते दोन. मी आपली समजूत करून घेतली होती की फोनमध्ये जीमेल आहे, कॉम्प्युटरवर तेच जीमेल आहे, म्हणजे सगळं आपोआप एकच असणार.

माझा मामेभाऊ पुण्यात आयटी सपोर्टला आहे, रात्री त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आधी काहीही दुरुस्त करू नकोस. तीन खोटे कॉन्टॅक्ट बनव." एक फोनवर बनवायचा, नाव "टेस्ट फोन". एक ब्राउझरमध्ये, "टेस्ट वेब". एक Thunderbird मध्ये, "टेस्ट कॉम्प्युटर". मग चहा पिऊन यायचं आणि कोण कुठे पोचलं ते बघायचं. मला आधी हा पोरखेळ वाटला पण खरं सांगते, पुढचं सगळं कळलं ते ह्याच्यामुळे.

निकाल असा लागला. "टेस्ट वेब" दोन मिनिटांत फोनवर हजर, Thunderbird मध्ये नाही. "टेस्ट फोन" फक्त फोनवर, वेबवर दिसतच नाही. "टेस्ट कॉम्प्युटर" फक्त Thunderbird मध्ये, बाकी कुठेच नाही. म्हणजे माझ्याकडे एक वही नव्हतीच, तीन वह्या होत्या, आणि त्यातली फक्त गूगलवाली फोनला जोडलेली.

फोनचं कोडं आधी सोडवलं. अँड्रॉइडमध्ये नवीन कॉन्टॅक्ट करताना वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा कुठे सेव्ह होणार, गूगल अकाउंटवर, का नुसता डिव्हाइसवर, का सिमवर. आपण कोण ते वाचायला जातोय! माझ्या फोनवर ते "Device" होतं, फोन नवीन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने काय निवडलं असेल ते त्यालाच माहीत. डिव्हाइसवरचा कॉन्टॅक्ट हा फोनच्या पोटात राहतो, गूगलकडे जातच नाही, तो सिंक व्हायचा प्रश्नच नाही.

पण मग माझा प्रश्न असा की पतसंस्थेचा कॉन्टॅक्ट तर जुना, तो गूगलवर होताच, मी फक्त त्याच्यात बदल केला होता, तो का नाही गेला? तर भाऊ म्हणाला त्या कॉन्टॅक्टवर जा, तीन टिंबं दाब, "View linked contacts" बघ. उघडलं तर एका नावाखाली दोन कार्डं! एक गूगलचं, एक डिव्हाइसचं. जुना फोन बदलताना कधीतरी सगळे नंबर कॉपी झाले असणार, आणि फोन काय करतो, नाव-नंबर सारखे दिसले की ती कार्डं एकावर एक ठेवून आपल्याला एकच माणूस दाखवतो. ही सोय चांगलीच आहे, नाहीतर यादीत प्रत्येक जण दोनदा दिसला असता. पण एप्रिलमध्ये मी जो ईमेल बदलला तो नेमका वरच्या, डिव्हाइसच्या कार्डात बदलला गेला. खालचं गूगलचं कार्ड तसंच जुनं. मला फोनवर नवीन दिसत होता म्हणून मी निश्चिंत, आणि वेबला बदल पोचलाच नव्हता कारण गूगलच्या कार्डात काही बदललंच नव्हतं.

कॉम्प्युटरचं कारण वेगळंच. Thunderbird मध्ये मी जीमेल जोडलेलं चार-पाच वर्षांपूर्वी, आयमॅपने. आयमॅप फक्त मेल आणतं. भाऊ म्हणाला, "पोस्टमन पत्रं आणून देतो गं, तुझी पत्त्यांची वही थोडीच घेऊन येतो." कॉन्टॅक्टसाठी वेगळी लाइन लागते, तिला कार्डडॅव म्हणतात, आणि ती मी कधी जोडलीच नव्हती. मग Thunderbird ला पतसंस्थेचा पत्ता माहीत कसा? तर आपण ज्याला मेल पाठवतो त्याचा पत्ता ते आपोआप "Collected Addresses" नावाच्या यादीत टाकून ठेवतं. तिथे तो जुना क्लार्क बसलेला, अगदी आरामात.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी बॅकअप, आणि हे मी भावाच्या दमदाटीने केलं, मला कंटाळा आला होता. फोनच्या कॉन्टॅक्ट अॅपमधून एक्सपोर्ट केलं की एक .vcf म्हणजे व्हीकार्ड फाइल मिळते, वेबवरूनही "Export" करून घेता येतं. तिथे सीएसव्ही आणि व्हीकार्ड असे पर्याय असतात, मी शहाणपणा करून सीएसव्ही घेतली आणि एक्सेलमध्ये उघडली तर मराठीत सेव्ह केलेली सगळी नावं à¤ असल्या चिन्हांची झालेली. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते, एक्सेल ती चुकीची वाचतं. पण तशीच सेव्ह करून परत इम्पोर्ट केली तर मात्र वाट लागते. मी गुपचूप व्हीकार्ड घेतली.

मग फोनवर कॉन्टॅक्ट अॅपच्या सेटिंगमध्ये "Default account for new contacts" डिव्हाइसवरून काढून जीमेलवर केलं, आणि "Also sync device contacts" मध्ये जाऊन डिव्हाइसवरचे नंबर गूगलकडे जाऊ दिले. (फोनच्या कंपनीप्रमाणे ही नावं आणि जागा थोड्या इकडेतिकडे असतात, पण "sync" आणि "device" हे शब्द शोधलेत की सापडतं.) दहा मिनिटांत वेबवर "टेस्ट फोन" उगवला. मला एवढा आनंद झाला की नवऱ्याला बोलावून दाखवला, त्याला काहीच कळलं नाही.

पण आता वेबवर डबल नावांचा ढीग लागला. त्यासाठी "Merge & fix" आहे, ते सांगतं ही दोन कार्डं एकाच माणसाची दिसतायत, जोडू का. इथे मी घाई केली. शेवटी एक "Merge all" बटण असतं ते दाबून टाकलं. आमच्याकडे दोन पाटील सर आहेत, दोघेही एकाच शाळेतले, दोघांच्या कार्डात शाळेचा तोच लँडलाइन. झाले की ते एक! एकाच पाटील सरांना दोन मोबाइल, दोन ईमेल. बरं झालं लगेच लक्षात आलं. वेबवर सेटिंगच्या चक्रात "Undo changes" आहे, त्यात दहा मिनिटांपूर्वीची, तासापूर्वीची, कालची स्थिती परत आणता येते, जास्तीत जास्त 30 दिवस मागे जाता येतं. तासापूर्वीवर गेले आणि मग एकेक जोडी वाचून जोडत बसले, दोन संध्याकाळी गेल्या. पतसंस्थेच्या जोडीत तर जोडल्यावर नवा-जुना दोन्ही ईमेल एका कार्डात आले, कारण जोडणाऱ्याला कुठला खरा हे कसं कळणार, त्यातला जुना मी हाताने काढला.

Thunderbird मध्ये अॅड्रेस बुक उघडून "Add CardDAV Address Book" केलं, जीमेलचा पत्ता दिला, ब्राउझरसारखी खिडकी येऊन परवानगी मागितली ती दिली, आणि गूगलची वही डाव्या बाजूला आली. जुन्या लोकल वहीतली हवी ती पंधरा-वीस नावं ओढून त्यात टाकली. आता फोनवर बदल केला आणि कॉम्प्युटरवर बघितलं तर परत जुनंच! मी वैतागले. पण हा दोष नव्हता, ते दर अर्ध्या तासाने विचारायला जातं. घाई असेल तर वहीवर राइट क्लिक करून "Synchronize" म्हणायचं, लगेच येतं.

एवढं करूनही मेल लिहिताना "पतसं" टाइप केलं की जुना क्लार्क पहिला! कारण "Collected Addresses" ती वेगळी यादी, तिला सिंकशी काही देणंघेणं नाही. तिथून त्यांना काढलं आणि सेटिंगमध्ये "Composition" खाली पाठवलेले पत्ते आपोआप गोळा करायची टिक काढून टाकली. जीमेल ब्राउझरमध्ये वापरणाऱ्यांनी हाच प्रकार "Other contacts" मध्ये बघावा, तिथले पत्ते फोनच्या यादीत दिसत नाहीत पण मेल लिहिताना बरोबर पुढे पुढे करतात.

पुढच्या आठवड्यात परत एक बदल फोनवरून वेबला जाईना. आता मी शहाणी झालेली, आधी "View linked contacts" बघितलं, एकच कार्ड होतं. मग फोनच्या सेटिंगमध्ये अकाउंटवर जाऊन कॉन्टॅक्टपुढे शेवटचं सिंक कधी झालं ते बघितलं तर आदल्या दिवशीची वेळ. बॅटरी सेव्हर चालू होता, त्याने सिंक थांबवून ठेवलेलं. बंद केला, हाताने सिंक केलं, गेलं.

आणि एक सांगायचं राहिलं, सगळं जोडल्यावर आमच्या दुकानातल्या पोराने कॉम्प्युटरवर "जुनी नावं" म्हणून वीसेक कार्डं उडवली आणि ती माझ्या फोनवरूनही गेली. जोडलंय म्हणजे खोडणंसुद्धा सगळीकडे पोचतं. वेबवरच्या "Trash" मध्ये 30 दिवस राहतात म्हणून परत मिळाली.

"टेस्ट फोन" हे कार्ड मात्र मी अजून ठेवलंय. शंका आली की त्याच्या नोटमध्ये आजची तारीख टाकते आणि ती तारीख कुठे कुठे पोचली, कुठे अडली ते बघते. नंबर दुकानाचाच टाकलाय, परवा सासूबाईंनी यादीत बघून त्यावर फोन लावला, उचलला मीच, "कोण हो तुम्ही टेस्टबाई?"