तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या साहेबांच्या मीटिंगला नाही म्हणताना

“ताई, मोठ्या साहेबांनी कॅलेंडरवर मीटिंग पाठवली, तर तुम्ही सरळ ‘No’ दाबता? भीती नाही वाटत?”

वाटायची. म्हणून आधी मी ‘Maybe’ दाबायचे. आपल्याकडे ‘पाहू नं जी’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. साहेब नागपूरहून माझी वाट पाहायचे आणि मी शेताच्या धुऱ्यावर रेंज शोधत फिरायचे.

मागच्या ऑगस्टचं सांगते. गुरुवारी सकाळी 10 ची मीटिंग मंगळवारी आली. त्याच सकाळी कपाशीतल्या कामगंध सापळ्यांची मोजणी होती. गुलाबी बोंडअळीचे पतंग एका सापळ्यात रोज 8, असे सलग 3 दिवस सापडले की फवारणीचं ठरवावं लागतं. गुरुवार हा तिसरा दिवस. गटातल्या बाया त्या सकाळी निंदण सोडून येणार होत्या. त्यांना शुक्रवारी या म्हणणं म्हणजे त्यांची आणखी एक मजुरी बुडवणं.

‘No’ दाबलं आणि ‘Add note’मध्ये लिहिलं:

“नमस्कार सर, गुरुवारी सकाळी गटासोबत सापळ्यांची मोजणी आधीच ठरली आहे, त्यामुळे 10 वाजता येता येणार नाही. दुपारी 3 नंतर किंवा शुक्रवारी सकाळी मी मोकळी आहे. तालुक्याचे आकडे बुधवारी संध्याकाळी पाठवते.”

एवढंच. ‘क्षमस्व’ तीनदा लिहिलं की कारण खोटं वाटायला लागतं, असं माझं मत. ‘आधीच’ हा शब्द मात्र मी गाळत नाही. त्याच्यानं साहेबांना कळतं की त्यांचं बोलावणं पाहून मी काम काढलेलं नाही. अन् आकडे बुधवारी पाठवते म्हटलं, तर बुधवारी पाठवायचेच.

ही टीप फक्त साहेबांना दिसते असं समजू नका. मीटिंगची पाहुण्यांची यादी उघडी असेल तर सगळे वाचतात. म्हणून सासूबाईंचा दवाखाना, पोराची शाळा असलं काही मी तिथं लिहीत नाही. ‘घरचं काम आधीच ठरलं आहे’ पुरतं, बाकीचं फोनवर.

एकदा मात्र फजिती झाली. दर सोमवारच्या आढाव्यातला एकच सोमवार नाकारायचा होता. पडद्यावर ‘This event’ की ‘All events’ असं विचारलं आणि मी घाईत दुसरं दाबलं. पुढचे सगळे सोमवार गेले! दहा मिनिटांत साहेबांचा फोन, “काय वो मॅडम, रुसल्या का आमच्यावर?”

त्या गुरुवारची मीटिंग साहेबांनी शुक्रवारी साडेनऊला घेतली. मोजणीत 2 सापळ्यांत पतंग 8 च्या वर निघाले होते. मीटिंगची सुरुवात त्याच्यानंच झाली.