गॅलरीतला बीएमई280 अडकतो: लॉजिक ॲनालायझरवर घालवलेले दोन वीकेंड

मागच्या वेळी लिहिलं होतं ना की गॅलरीतला हवामानाचा नोड दिवसातून एकदोनदा मरतो, त्याचा निकाल लागला एकदाचा. सेटअप तोच: ईएसपी32 मायक्रोकंट्रोलर घरात, बीएमई280 हा हवामानाचा सेन्सर बाहेर, मधे अडीच मीटर नेटवर्कची कॅट5 वायर. दोघं ज्या दोन तारांवर बोलतात त्या आय-टू-सीचा स्पीड कोडमध्ये 400 किलोहर्ट्झ, कारण... काही कारण नाही, कुठल्यातरी उदाहरणातून उचललेला.

लक्षण मात्र मजेशीर होतं. तापमान येणं बंद झालं की रिसेट बटण कितीही दाबा, सुधारत नाही, पण केबल काढून परत लावली की लगेच चालू. तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती, कारण रिसेटने फक्त ईएसपी नव्याने सुरू होतो, सेन्सरची पॉवर तशीच राहते, म्हणजे अडकतोय तो सेन्सर. पण मी आठवडाभर लायब्ररी बदलत बसलो.

मग तापकीर गल्लीतून आठ चॅनेल, 24 मेगाहर्ट्झवाला लॉजिक ॲनालायझरचा तो छोटा काळा डबा आणला, सहाशेच्या आत. त्यासाठी लॅपटॉपवर पल्सव्ह्यू टाकलं, डी0 ला एससीएल म्हणजे क्लॉकची तार, डी1 ला एसडीए म्हणजे डेटाची, आणि ग्राउंड विसरलो :) ग्राउंड नसेल तर स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो आणि माणूस त्या कचऱ्याचाच अर्थ लावत बसतो, माझा अर्धा तास त्यात गेला.

पहिला प्रश्न, दिवसातून एकदा होणारी गोष्ट पकडायची कशी? सोपा उपाय म्हणजे दहा सेकंदांनी एकदा वाचण्याऐवजी सेकंदाला पन्नास वेळा वाचायचं, मग तीनचार मिनिटांत अडकतोच. वर एक रिकामी पिन डी2 ला जोडली, रीडिंग चुकलं की कोड ती पिन वर करतो, त्यामुळे लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये नेमकं कुठे बघायचं ते कळतं. सॅम्पल रेट 4 मेगाहर्ट्झ ठेवला, 24 वर माझ्या लॅपटॉपचं यूएसबी हब मधेच दम टाकतं. जीयूआय नको असेल तर कमांड लाइनवरून असं:

```
sigrok-cli -d fx2lafw -c samplerate=4m --time 5000 -P i2c:scl=D0:sda=D1 -A i2c
```

चांगलं चाललेलं रीडिंग आधी बघून ठेवा, नाहीतर वाईट ओळखू येत नाही. माझ्याकडे दिसतं ते असं: `0x76` ला राइट, मग `F7` हा रजिस्टर, पुन्हा स्टार्ट, `0x76` ला रीड, आठ बाइट, आणि शेवटच्या बाइटला नॅक. तो शेवटचा नॅक बघून घाबरू नका, मी घाबरलो होतो. मास्टर, म्हणजे इथे ईएसपी, तिथे 'बास, अजून नको' एवढंच सांगतो. आणि डीकोडरने `0x76` ऐवजी `EC` दाखवलं तरी पत्ता तोच असतो, फक्त एक घर डावीकडे सरकवून रीड-राइटच्या बिटसकट दाखवलेला.

आता वाईट रीडिंग. आठव्या बाइटच्या शेवटी स्टॉपच नाही, आणि एसडीए खाली गेली ती वर आलीच नाही. खाली कोण धरून बसलंय हे ॲनालायझर सांगू शकत नाही, त्याला फक्त 0 आणि 1 कळतं. त्यावर जुगाड: ईएसपीचं ईएन बटण दाबून धरलं. रिसेटमध्ये त्याच्या पिना सुटतात, तरी एसडीए खालीच, म्हणजे चोर सेन्सर. तो 0 पाठवत असताना त्याच्याकडून एक क्लॉक हुकला असणार, मास्टरच्या मते बाइट संपला, सेन्सरच्या मते अजून एक बिट बाकी, आणि तो पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए दाबून बसलाय. एसडीए वर जाऊ शकत नसेल तर मास्टरला स्टॉप देताच येत नाही.

क्लॉक हुकला का, तर ते स्क्रीनवर आधीपासून होतं, माझं लक्ष नव्हतं. मागितले 400 किलोहर्ट्झ, पण एससीएलचा एक फेरा साडेतीन मायक्रोसेकंदांचा, म्हणजे जेमतेम 285. ईएसपीचा मास्टर लाइन खरंच वर आली का ते बघून मग पुढचा वेळ मोजतो, त्यामुळे वर यायला उशीर झाला की स्पीड आपोआप पडतो. सेन्सरच्या मॉड्यूलवर लाइन वर खेचणारे 10 किलोओहमचे पुलअप रेझिस्टर, वायर आणि बाकी सगळं धरून कपॅसिटन्स साधारण 150 पिकोफॅरड, दोन्हींचा गुणाकार 1.5 मायक्रोसेकंद. राइज टाइम त्याच्या 0.85 पट, म्हणजे जवळपास 1.27, आणि 400 किलोहर्ट्झला परवानगी आहे 0.3 ची. बोंबला.

आणि इथेच या स्वस्त डब्याची खरी मर्यादा आहे. तो दीड व्होल्टच्या आसपास 'हाय' म्हणून मोकळा होतो, पण आय-टू-सीच्या नियमाप्रमाणे 3.3 व्होल्टवर सेन्सरला 'हाय' मानायला 2.31 व्होल्ट लागतात. हिशोब केला तर आमचा क्लॉक जेमतेम अडीचच्या वर जाऊन लगेच खाली येत होता. स्क्रीनवर छान चौकोनी पल्स, तिकडे तारेवर माकडाच्या शेपटीसारखा वळलेला. स्कोप नसेल तर मागितलेला आणि मिळालेला स्पीड ताडून बघणं एवढी एकच खूण हाताशी उरते.

वर मी एसडीए आणि एससीएल एकाच पिळलेल्या जोडीत घातल्या होत्या, म्हणजे एक हलली की दुसरीला धक्का. आता एसडीएबरोबर ग्राउंड आणि एससीएलबरोबर 3.3 व्होल्ट अशा वेगळ्या जोड्या. ईएसपीच्या बाजूला 2.2 किलोचे पुलअप जोडले, आधीच्या 10 किलोशी समांतर म्हणजे 1.8 किलो, करंट 2 मिलीअँपच्या आत, चालतंय. स्पीड 100. ॲनालायझर आता बरोबर 100 च्या जवळ दाखवतो, आणि सेकंदाला पन्नास वाचूनही सहा दिवसांत एकदाही अडकला नाही.

तरी `Wire.begin()` च्या आधी हे टाकून ठेवलंय, अडकलेला बिट नऊ क्लॉकमध्ये बाहेर पडतो:

```
pinMode(21, INPUT_PULLUP);
pinMode(22, OUTPUT_OPEN_DRAIN);
for (int i = 0; i < 9; i++) {
  digitalWrite(22, LOW);  delayMicroseconds(5);
  digitalWrite(22, HIGH); delayMicroseconds(5);
}
```

डबा हातात होताच म्हणून मित्राकडून आलेला जुना निओ-6एम जीपीएस पण बघून घेतला. 9600 वर नुसती अगम्य अक्षरं. टीएक्सवर प्रोब लावला आणि सगळ्यात अरुंद पल्स मोजला, 26 मायक्रोसेकंद, 1 भागिले तेवढे म्हणजे 38400. 9600 असता तर 104 आले असते. खात्री म्हणून ओळीचं पहिलं अक्षर हाताने वाचलं: तीन बिट खाली, एक वर, दोन खाली, एक वर, दोन खाली, मग स्टॉप. यूएआरटी सगळ्यात उजवीकडचा बिट आधी पाठवतो हे धरून `0x24`, म्हणजे डॉलरचं चिन्ह, एनएमईएची ओळ त्यानेच सुरू होते. मित्राने कधीतरी ड्रोनसाठी स्पीड बदलला होता म्हणे.

कोडमध्ये 38400 लिहिलं, चाललं, मॉड्यूल ड्रॉवरमध्ये टाकलं. काल काढलं तर परत कचरा. आता पल्स 104 चा! ती सेटिंग मॉड्यूलवरच्या इवल्याशा बॅटरीवर टिकते, पडून पडून ती उतरली आणि गडी मूळ स्पीडवर गेला. आता कोड आधी 9600 वर दोन सेकंद डॉलर शोधतो, नाही सापडला तर 38400 वर.