आतला खड्डा, बाहेरचा ढिगारा : एका माइन क्लोजर प्लॅनच्या कामाचा माझा अनुभव

मी मुंबईत, अंधेरीतील एका सल्लागार संस्थेत पर्यावरण अभियंता म्हणून काम करते. आमची बहुतेक कामे कोकण आणि ठाणे परिसरातली असतात. परंतु मध्यंतरी वणी-चंद्रपूर पट्ट्यातील एका उघड्या दगडी कोळसा खाणीचा अंतिम क्लोजर प्लॅन, म्हणजे खाण बंद करताना जमीन सावरण्याचा आराखडा, तयार करण्याचे काम आमच्याकडे आले आणि ते माझ्याकडे सोपवण्यात आले. कोळसा खाणींना खड्ड्याच्या पुनर्भरणाच्या आणि जमिनीच्या पुनर्वसनाच्या खर्चापोटी दरवर्षी ठरावीक रक्कम एस्क्रो खात्यात भरावी लागते. प्रत्यक्ष काम झाल्याची तपासणी त्रयस्थ संस्थेने केल्यावरच कोळसा नियंत्रकांच्या संमतीने त्यातील पैसे परत मिळतात. त्यामुळे हा प्लॅन नुसता कपाटात ठेवण्याचा कागद नसतो. त्यातील प्रत्येक आकड्यामागे कंपनीचा पैसा अडकलेला असतो. पुढे दिलेले खाणीचे आकडे मी सोयीसाठी पूर्णांकात आणले आहेत.

आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारला : खड्ड्यातली माती खड्ड्यातच का परत जात नाही? प्रश्न साधा वाटतो, पण पुढच्या सगळ्या कामाची किल्ली त्यातच होती. खाणीचा उकरलेला भाग सुमारे ४० हेक्टरचा आणि सरासरी ५० मीटर खोल, म्हणजे पोकळी २ कोटी घनमीटरची. त्यातून निघालेला कोळसा ४० लाख घनमीटर आणि कोळशावरची माती, चिकणमाती व वालुकाश्म, ज्याला खाणीवर सगळे ‘ओबी’ म्हणतात, १ कोटी ६० लाख घनमीटर. फोडलेला खडक फुगतो आणि दबून बसल्यावरही मूळ आकारमानाच्या साधारण १५ ते २० टक्के जास्त जागा व्यापतो. वीस टक्के धरले, तर हा ओबी १ कोटी ९२ लाख घनमीटर भरतो. म्हणजे कोळसा काढून नेल्यानंतरही खड्डा जवळजवळ काठोकाठ भरू शकेल इतका माल जागेवरच असतो आणि तूट फक्त ८ लाख घनमीटरची पडते.

तरीही जमिनीवर चित्र वेगळेच होते. खड्ड्याचा एक मोठा भाग रिकामा होता आणि खाणीबाहेर सुमारे ४० मीटर उंचीचा डोंगर उभा होता. त्याचे कारण खाणकामाच्या क्रमात आहे. खाण उघडताना पहिला कोळसा हाती येईपर्यंत आणि कोळशाचा तळ पुरेसा मोकळा होईपर्यंत आत माल टाकायला जागाच नसते, म्हणून सुरुवातीच्या वर्षांतला ओबी बाहेर टाकावा लागतो. या खाणीत असा ७० लाख घनमीटर ओबी बाहेर गेला, जो फुगून ८४ लाख झाला. तळ मोकळा झाल्यावर उरलेला ९० लाख घनमीटर आत टाकला गेला. बाहेरचा ढिगारा शेवटी उचलून आत आणायचा असतो, निदान कागदावर तसे लिहिलेले असते. पण साठ टनी डंपरच्या एका खेपेत तीसेक घनमीटर माल जातो, असे धरले तर ८४ लाख घनमीटरसाठी पावणेतीन लाखांहून अधिक खेपा होतात आणि या खेपा तेव्हा कराव्या लागतात जेव्हा कोळसा संपलेला असतो आणि उत्पन्न थांबलेले असते. माझ्या मते उघड्या खाणीच्या जमिनीचे भवितव्य शेवटच्या वर्षी नव्हे, तर बाहेर किती माल टाकायचा हे ठरते त्या पहिल्या काही वर्षांतच निश्चित होते.

दुसरी गोष्ट मला जागेवर गेल्यावर दिसली. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, ओढ्याच्या बाजूला, सिमेंटच्या खांबांचे कुंपण होते. सलग बरेच खांब ढिगाऱ्यापासून बाहेरच्या बाजूला झुकलेले होते आणि त्यांच्या पुढची जमीन भाकरी फुगावी तशी वर आली होती. खाणीचे सर्व्हेअर म्हणाले, “दरसाली सरळ करतो मॅडम आम्ही हे खांब. पाऊस झाला का पुन्हा वाकतेत.” वर जाऊन पाहिले तेव्हा ढिगाऱ्याच्या कडेपासून काही मीटर आत, कडेला समांतर अशा भेगा गेलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत माझा हात मनगटापर्यंत जात होता. वर ताणाच्या भेगा आणि खाली फुगलेली जमीन ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, की ढिगारा केवळ वरून घसरत नाही, तर त्याच्या पायाखालची माती सरकते आहे, असे समजावे.

या पट्ट्यात वरचा थर काळ्या मातीचा असतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाणी पिऊन फुगते आणि ओली झाली की तिची ताकद झपाट्याने कमी होते. म्हणून ढिगारा रचण्याआधी ती जागा खरवडून काळी माती बाजूला काढणे अपेक्षित असते. येथे ढिगाऱ्याखालची जागा २६ हेक्टर आणि काळ्या मातीची जाडी सरासरी २ मीटर होती, म्हणजे ५ लाख २० हजार घनमीटर माती ढिगाऱ्याखाली गाडली गेली होती. आता पुनर्वसनाच्या वेळी ढिगाऱ्यावर ३० सेंटिमीटरचा सुपीक थर द्यायचा, तर साधारण ९० हजार घनमीटर माती लागत होती. जी माती काढली असती तर ढिगारा स्थिर राहिला असता, तीच माती त्याच्यावर पसरायला साडेपाच पटींहून जास्त पुरली असती. एकाच वगळलेल्या कामाने दोन्हीकडून नुकसान केले होते.

रजिस्टरमध्ये मात्र टॉपसॉइलचा, म्हणजे वरच्या सुपीक मातीचा, स्वतंत्र साठा दाखवलेला होता. तो शोधायला आम्ही गेलो तेव्हा घाणेरी आणि सुबाभळीने माजलेला एक उंचवटा दाखवण्यात आला. कुदळीने चार-पाच ठिकाणी खड्डे घेतल्यावर वरच्या हातभर थरात काळी माती, त्याखाली पिवळी चिकणमाती आणि त्याखाली वालुकाश्माचे तुकडे लागले. म्हणजे नंतरच्या काळात कोणीतरी डंपर तिथेच रिकामे केले होते. शिवाय माती उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली, की आतल्या भागात हवा पोहोचत नाही आणि गवताचे बी, मुळांना मदत करणारी बुरशी व इतर सूक्ष्मजीव कमी होत जातात. म्हणूनच टॉपसॉइलचे ढीग बुटके ठेवावेत, त्यांवर गवत लावावे आणि शक्यतो साठवण्याऐवजी माती थेट तयार उतारावर न्यावी, असा संकेत आहे. सगळे मोजून वापरण्याजोगी माती ३२ हजार घनमीटर निघाली.

प्लॅनची रचना या मर्यादेभोवतीच करावी लागली. आधी उतार. कोळसा खाणींच्या नियमांनुसार ढिगाऱ्याचा उतार कोणत्याही परिस्थितीत ३७.५ अंशांहून तीव्र चालत नाही आणि ३० मीटरहून उंच ढिगाऱ्याला टप्पे पाडावे लागतात. पर्यावरण मंजुरीच्या अटींत एकूण उतार बहुधा २८ अंशांपर्यंत आणायला सांगितलेला असतो. येथे एकच सलग उतार जवळजवळ ३७ अंशांचा होता. ४० मीटर उंचीला त्याचा आडवा पसारा ५३ मीटर होतो, तर २८ अंशांना तो ७५ मीटर लागतो. हा २२ मीटरचा फरक माथा मागे कापून आणि तोच माल पायथ्याला टाकून अर्धा-अर्धा वाटून घेता येतो, पण त्यासाठी पायथा ११ मीटर पुढे सरकतो. ओढ्याच्या बाजूला तेवढी जागा नव्हती आणि जमीनही ढिली होती. म्हणून त्या बाजूचा माथा जास्त कापून निघालेला माल खड्ड्यात न्यायचे ठरवले, पायथ्याची फुगलेली माती उकरून तिथे दगडांची आधारभिंत, म्हणजे टो वॉल, घेतली आणि वरचे पाणी भेगांत मुरू नये म्हणून माथ्याला आतल्या बाजूस ढाळ दिला. ढिगाऱ्याभोवती पावसाचे पाणी वाहून नेणारी चर, म्हणजे गार्लंड ड्रेन, आणि त्याच्या शेवटी गाळ बसण्यासाठी तळे हे नेहमीचेच. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल खाणीत ओबी कोसळून २३ कामगार दगावले, त्यामुळे उताराच्या प्रश्नावर खाण व्यवस्थापनाने फारशी घासाघीस केली नाही, हेही नोंदवायला हवे.

मातीची वाटणी हा मला या कामातला सर्वांत आवडलेला भाग. उतारावर पातळ थर पसरला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो ओघळींतून खाली येतो. म्हणून माथ्याच्या सुमारे साडेचौदा हेक्टर सपाट भागावर २० सेंटिमीटरचा थर धरला, ज्याला २९ हजार घनमीटर माती लागली आणि उरलेली तीन हजार घनमीटर उतारावरील झाडांच्या खड्ड्यांसाठी राखली. दीड फुटी खड्ड्याला घनमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी माती लागते, त्यामुळे हेक्टरी दोन हजार रोपांसाठी ती पुरली. उतारावर झाडांआधी स्टायलो आणि दीनानाथ गवत पेरायचे, कारण ओघळी थोपवण्याचे काम झाडापेक्षा गवत लवकर करते. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड आणि जिवाणू खते वापरून झाडे वाढवली आहेत, त्याच धर्तीवर आम्ही खड्ड्यांत सेंद्रिय भर सुचवली. सुबाभूळ एकटीच लावू नये, असा माझा आग्रह होता. ती पटकन हिरवी दिसते आणि फोटोही चांगले येतात, पण खाली दुसरे काही उगवू देत नाही. करंज, शिसू, कडुनिंब, सीताफळ आणि बांबू अशी मिश्र यादी अखेर मान्य झाली.

उरलेल्या खड्ड्यात पाणी साठणारच होते. तिथे काम एवढेच की उघडा पडलेला कोळशाचा थर चिकणमाती आणि ओबीने झाकायचा. या पट्ट्यातला कोळसा हवा लागली की आपोआप तापून पेट घेतो आणि त्याच्यासोबतच्या शेल नावाच्या काळ्या खडकात गंधक असेल, तर पाणी आम्लयुक्त होते. हा काळा शेल ढिगाऱ्याच्या पृष्ठभागावर दिसला, तिथे रोपे जळालेली होती आणि मातीचा सामू आजूबाजूच्या भागापेक्षा बराच खाली होता. तेवढे पट्टे उकरून खोल गाडायला सांगितले. पाण्याच्या एका काठाला गुरे आणि माणसे उतरू शकतील इतका सौम्य उतार द्यायचा आणि बाकीच्या बाजूंना कुंपण घालायचे.

तपासणीच्या वेळी त्रयस्थ संस्थेच्या अधिकाऱ्यांनी झाडे मोजली, पण आधी ड्रोनच्या सर्व्हेवरून ढिगाऱ्याचे आकारमान आमच्या ताळेबंदाशी जुळवून पाहिले. उतार आणि निचऱ्याच्या कामाची रक्कम त्यांनी मंजुरीसाठी पाठवली. टॉपसॉइल आणि वृक्षारोपणाची रक्कम मात्र रोखून धरली. गवताचे आच्छादन पुढच्या पावसाळ्यानंतर टिकते का, हे पाहून ती पुढे पाठवू, असा शेरा मारला. ढिगाऱ्याच्या पायथ्याचे खांब आता सर्व्हे पॉइंट म्हणून नोंदवले आहेत आणि त्यांचे दर महिन्याचे मोजमाप आमच्या अंधेरीच्या ऑफिसात येते.